वसंतादादा गेल्यावर शोभाला

प्रिय शोभा,

काल फोनवर मला नीट बोलता आलं नाही. मागे बाया बसल्या होत्या, अन् तूही वावरात होतीस. म्हणून आज अंगणवाडीतून आल्यावर निवांत लिहायला बसले. लांबेल. एका दमात वाचू नको.

वसंतादादा गेल्याचं कळल्यावर तू म्हणालीस, "मले रडूच येऊन नाही राहिलं व कल्पना. हात आपले वेचणी करून राहिले." अन् मग हळूच म्हणालीस की क्षणभर हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याचीच लाज वाटली. मी तेव्हा "असं नको म्हणू" म्हणाले. ते चुकलंच माझं. तुला असं वाटलं तर वाटलं. ज्या सख्ख्या भावानं भर अंगणात "आजपासून तू आमाले मेली" म्हटलं, तो गेल्यावर मनावरचा एखादा दगड सरकला, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. उद्या रडू येईल, परवा संताप येईल, कधी दोन्ही एकदमच येतील. येऊ दे.

त्या दिवशी मी तिथंच होते. तुझ्या बाबांची तेरवी झालेली, दुसऱ्या दिवशी सकाळीच हक्कसोडीचा कागद निघाला. भाऊजींचा इलाज चालू होता तेव्हा, अन् तू नऊ एकरांतले दोन मागितलेस. कायद्यानं २००५ मध्येच लेकीला वडिलोपार्जित जमिनीत लेकाएवढा हक्क दिला, पण आपल्याकडे तो मागणारी लेक अजून लालचीच ठरते. दादानं तुझी पिशवी कोठ्याकडे भिरकावली. वहिनीनं ओटीत दिलेला खण शेणामुतात पडला. मी तो उचलून धुतला, तोवर तू संध्याकाळच्या गाडीनं निघून गेली होतीस. (पुढे त्याचं माझ्या लेकीला झबलं शिवलं, हे तुला कधी सांगितलं नाही.) ज्यांनी हे पाहिलं नाही ते आता तुला सांगतील की जाऊ दे, मेलेल्या माणसावर राग धरू नये. त्यांना म्हणू दे. जे झालं ते झालं होतं, अन् दादा गेला म्हणून ते पुसलं जात नाही.

पण मला दुसराही दादा आठवतो. पावसाळ्यात दारव्ह्याच्या शाळेत जाताना तुला सायकलच्या मागं बसवून नेणारा. आपली ती काळी माती, चाकाला अशी चिकटायची की मडगार्डमध्ये गच्च बसून चाक फिरणंच बंद. मग तो खाली उतरायचा, पळाटीची काडी घेऊन चिखल खरडून काढायचा, दहा पावलं जायचा, पुन्हा उतरायचा. तू वर बसून दप्तर डोक्यावर धरायचीस. मी मागून पायी यायचे आणि मला तुझा हेवा वाटायचा, खरं सांगते. त्यानं तुला एकदाही खाली उतर म्हटलेलं मी ऐकलं नाही. हाही वसंतादादाच होता. हा खरा की तो, हे तुला आज ठरवायचं नाही. कधीच ठरवायची गरज नाही म्हण.

आता एक गोष्ट सांगते, कारण तू विचारशील आणि बाकीचे गोड करून सांगतील. शेवटी त्यानं तुझं नाव घेतलं का, तर मी तरी ऐकलं नाही. दिवाळीनंतर दोनदा भेटायला गेले. ओट्यावर बसलेला असायचा, पाय सुजलेले, बोलायचा तो तुरीचं आणि बैलांचं. मीही तुझा विषय काढला नाही. काढायला हवा होता का, हे मीही रोज मनाला विचारते. यवतमाळच्या दवाखान्यात काय बोलला ते मला माहीत नाही. तिथून कुणी काही निरोप आणला तर ऐकून घे, पण त्यावर माफी देण्याची घाई करू नको. हां, मयतीच्या दिवशी वहिनीनं मला विचारलं, "ताईले सांगतलं का कोणं?" एवढं मात्र माझ्या कानांनी ऐकलं.

दसऱ्याला तो आजारी असल्याचा निरोप मिळूनही तू गेली नाहीस, हे तुला खातंय, मला कळतं. गेली असतीस तर काय झालं असतं कुणाला माहीत. कदाचित बोलला असता, कदाचित तोंड फिरवलं असतं, आणि ते तोंड फिरवणं घेऊन तू उरलेलं आयुष्य काढलं असतंस. तू स्वतःला वाचवलंस, एवढंच. आणि शोभा, सख्खा भाऊ जिवंत असताना चौदा भाऊबीजा तू चंद्राला ओवाळलंस. हे दुःख तुला परवा थोडंच झालं? तू कधीचीच त्याचं सुतक धरून बसली आहेस. फक्त लोक भेटायला आता येतील.

बुधवारी दहावा आहे, नाल्यावर. शनिवारी तेरवी. कावळा शिवायला उशीर झाला तर कुणीतरी म्हणेलच की बहिणीत जीव अडकला. तिकडे लक्ष देऊ नको. आपल्याकडे ज्याच्या मनात जे असतं ते तो कावळ्याच्या चोचीत घालतो.

यायचं की नाही ते तुझं तू ठरव. यायचं झालं तर सरळ त्या घरी जाऊ नको, आधी माझ्याकडे ये. हातपाय धू, चहा घे, मग आपण दोघी जाऊ. मागं कडुनिंबाखाली बसू, वाटलं तेव्हा उठून येऊ. तू गळा काढून रडली नाहीस म्हणून कुणी कुजबुजलं तर मी आहे. यायचं नसेल तर नको येऊ, मी तुझ्या वतीनं कुणालाही कारण सांगणार नाही. घरीच दोन दिवस भाकर गोड लागली नाही तर नको जेवू, लागली तर जेव.

अजून एक, हे मात्र पक्कं ध्यानात ठेव. आता वारसांची नावं चढवायची म्हणून तलाठ्याकडे जाणं होईल, जुना विषय निघेल. तेरवीच्या गर्दीत कुणी कागद पुढं केला तर सही करू नको. भांडूही नको. "चष्मा घरी राहिला" म्हण आणि कागद पिशवीत घाल. वाटा ठेवायचा की भाचरांना सोडायचा, हे महिन्या-दोन महिन्यांनी भाऊजींशी बोलून शांतपणे ठरव. दादाची धाकटी पोरगी बारावीला आहे, दिसायला थेट तुझ्यावर गेली आहे. तिनं मला विचारलं होतं, आत्या कशी दिसते म्हणून. मी म्हटलं, आरशात पाह्य. हे तुला गळ घालायला सांगत नाही, पण लपवायचंही नव्हतं.

मी रोज रात्री आठच्या सुमारास फोन करीन. बोलावंसं वाटलं नाही तर उचलू नको, मी रागावणार नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा करीन. दादाला शिव्या द्यायच्या असतील तर त्या ऐकायलाही मी आहे. निदान त्या सायकलची साक्षीदार गावात मी एकटीच उरले आहे.

येणार असशील तर आदल्या रात्री कळव, बसस्टँडवर पोराला गाडी घेऊन पाठवते.

तुझी,
कल्पना