सोबतीचा तास : आठवीच्या गणितासाठी सहाध्यायी अध्यापन योजना, २०२६-२७

(मुख्याध्यापक, सहकारी शिक्षक आणि शिक्षक-पालक संघ यांच्या जूनमधील सभेपुढे मंजुरीसाठी. मांडणी : गणित विषय शिक्षक, माध्यमिक विभाग)

गरज

आपली शाळा पाटोदा तालुक्यातली. आठवीच्या ५२ मुलांपैकी १९ जणांच्या घरची माणसं दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजी-आजोबांकडे, आणि काही आईबापांबरोबर फडावर जातात. फडावरून परतलेलं मूल मार्च-एप्रिलमध्ये वर्गात बसतं तेव्हा पुस्तक बरंच पुढे गेलेलं असतं. हे तीन-चार वर्षं झालं की आठवीत बैजिक राशी समोर येते आणि मुलाला तीन अंकी संख्येचा भागाकारसुद्धा जमत नसतो. ते मूल कच्चं नाही. त्याचे दिवस बुडालेले आहेत.

एका तासात ५२ मुलांच्या ५२ अडचणी मी सोडवू शकत नाही. पण नववीत अशी मुलं आहेत, की ज्यांनी हेच अपूर्णांक गेल्या वर्षी धडपडत समजून घेतले. कुठे पाय घसरतो हे त्यांना अजून आठवतं. त्यांना शिकवायचं कसं हे नीट शिकवलं, तर आठवड्यातून दोनदा प्रत्येक गरजू मुलाशेजारी एक जण बसू शकेल.

ही कल्पना जुनीच आहे. अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथाश्रमात मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवण्याची पद्धत चालवली आणि तिथून ती इंग्लंडला गेली. मात्र तिथे एकेका मॉनिटरच्या हाती मुलांचा अख्खा गट असे. आपल्याला एकास एक हवं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही एकास एक सहाध्यायी अध्यापनाची शिफारस आहे, पण ते ऐच्छिक असावं, प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली व्हावं आणि सुरक्षिततेची काळजी घेतली जावी, या अटींवर. तिन्ही अटी या योजनेत पाळल्या आहेत. कोहेन, कुलिक आणि कुलिक यांनी १९८२ मध्ये शाळांतल्या अशा ६५ कार्यक्रमांची मूल्यमापनं एकत्र तपासली. शिकणाऱ्याबरोबर शिकवणाऱ्या मुलांचाही फायदा झालेला दिसला. वाचनापेक्षा गणितात आणि मोकळ्या कार्यक्रमांपेक्षा आखीव कार्यक्रमांत परिणाम जास्त होता. म्हणूनच विषय एकच घेतला आहे आणि तास मिनिटामिनिटाने आखला आहे.

सोबती कोण, जोडीदार कोण

शिकवणाऱ्याला या योजनेत ‘सोबती’ आणि शिकणाऱ्याला ‘जोडीदार’ म्हणायचं. ‘हुशार’, ‘कच्चा’, ‘ढ’ हे शब्द शिक्षकांनीही वापरायचे नाहीत.

सोबती नववीतून २० : १६ नेमलेले, ४ राखीव. दहावीच्या मुलांना बोर्डाची परीक्षा आहे, त्यांना यात ओढायचं नाही. सोबती होण्यासाठी पहिला नंबर लागत नाही. पायाभूत चाचणीतल्या सरावाच्या १५ प्रश्नांपैकी १२ बरोबर यावेत, नियमित हजेरी असावी आणि स्वतःची तयारी असावी, एवढं पुरे. ज्याला सगळं पटकन येतं त्याला पुष्कळदा समोरच्याचं अडणंच समजत नाही, म्हणून केवळ गुणांवर निवड करायला माझा विरोध आहे. फडावरून परत येऊन मागचं भरून काढलेली दोन-तीन मुलं नववीत आहेत. त्यांनी नाव द्यावं म्हणून मी स्वतः त्यांच्याशी बोलणार आहे.

सोबत्यांचं प्रशिक्षण

जुलैच्या पहिल्या दोन आठवड्यांत, शाळेच्या वेळेत, एकेका तासाच्या तीन बैठका. पूर्ण तीन बैठका केल्याशिवाय कोणीही जोडीला बसणार नाही. या भागावर काटछाट होऊ नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

पहिली बैठक चुका वाचण्याची. आठवीच्या वह्यांतून नावं झाकून घेतलेली दहा उदाहरणं फळ्यावर लिहायची. ‘हे चूक आहे’ असं म्हणायचं नाही. मुलाने काय विचार केला असेल ते सांगायचं. १/२ + १/३ = २/५ लिहिणारा वरच्यात वरचा आणि खालच्यात खालचा अंक मिळवतोय. ३.४ पेक्षा ३.२५ मोठा म्हणणारा चार आणि पंचवीस यांची तुलना करतोय. चुकीमागचं कारण सापडलं की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो.

दुसरी बैठक बोलण्याची. एक जण सोबती, एक जण जोडीदार, तिसरा निरीक्षक. उदाहरण ६१२ ÷ ६, जोडीदाराने उत्तर काढलं १२. सरावासाठी हा संवाद सगळ्यांना वाचायला द्यायचा :

सोबती : उत्तर बारा आलं ना? मग ताळा करून बघू. बारा सक?
जोडीदार : बहात्तर.
सोबती : आपण किती वाटायला घेतले होते?
जोडीदार : सहाशे बारा... मग कमी पडले.
सोबती : सहाशेतले प्रत्येकाला किती आले?
जोडीदार : शंभर.
सोबती : तो शंभर तुझ्या उत्तरात कुठे दिसतो?
(जोडीदार वहीकडे बघतो. सोबती मनात दहापर्यंत आकडे मोजतो, बोलत नाही.)
जोडीदार : एक लिहिलाय. पण नंतर दशकात एकच होता, त्याला भाग जात नव्हता, म्हणून मी तिथे काही लिहिलंच नाही.
सोबती : तिथे काय लिहायचं?
जोडीदार : शून्य. एकशे दोन.

या अख्ख्या संवादात सोबत्याने उत्तर सांगितलेलं नाही आणि पेन हातात घेतलेलं नाही. हेच दोन नियम सर्वांत महत्त्वाचे : पेन जोडीदाराच्या हातात, आणि विचारल्यावर दहा आकडे गप्प. मुलांना दुसरा फार जड जातो, म्हणून तिघांच्या गटात त्याचा पुन्हा पुन्हा सराव घ्यायचा.

तिसरी बैठक अडचणींची. जोडीदार बोलतच नसेल तर? रडला तर? सोबत्यालाच उत्तर येत नसेल तर? (‘मलाही नाही येत, सरांना विचारू’ हे मोकळेपणाने म्हणायचं.) जोडीदाराने घरचं काही दुःख सांगितलं, कोणी त्रास देतं असं सांगितलं, तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, त्याच दिवशी वर्गशिक्षिकेला सांगायचं. तसंच जोडीदाराची चूक मित्रांत सांगून हसणारा सोबती योजनेतून बाहेर जाईल, हे इथेच स्पष्ट करायचं.

नंतर दर शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी वीस मिनिटं सगळे सोबती माझ्याबरोबर बसतील.

जोड्या लावण्याचे नियम

१. सोबत्यांची आणि जोडीदारांची चाचणीतल्या गुणांप्रमाणे उतरती यादी करायची आणि पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा अशी जोडी लावायची. सर्वांत पुढच्याला सर्वांत मागच्याशेजारी बसवायचा मोह टाळायचा. दोघांतलं अंतर फार झालं की एक कंटाळतो आणि दुसरा खचतो. यादीतल्या शेवटच्या चार जोडीदारांकडे मी जोडीशेजारी बसून जास्त लक्ष देईन.

२. यादीनंतर पुढील गोष्टी पाहून बदल करायचे. सख्खी-चुलत भावंडं एकत्र नकोत. घरांत बांधावरून किंवा कशावरून भांडण चालू असेल तर ती मुलं एकत्र नकोत. मुकादमाच्या घरचं मूल आणि त्याच्याच टोळीतल्या कोयत्याचं मूल यांची जोडी लावायची नाही. घरात उचलीचा हिशेब असताना ही दोन मुलं बरोबरीने बसू शकत नाहीत. हे कारण कुठेही लिहायचं नाही, वर्गशिक्षकांनी तोंडी सांगायचं.

३. तांड्यावरची मुलं घरी गोरमाटी बोलतात. जमेल तिथे त्यांना गोरमाटी येणारा सोबती द्यायचा. समजावताना दोघांनी कुठल्याही भाषेत बोलावं.

४. जात पाहून जोडी लावायची नाही आणि त्यावरून आलेली बदलाची मागणी मान्य करायची नाही. बाकी कोणतंही कारण न देता दोघांपैकी कोणालाही एकदा जोडी बदलून मागता येईल.

५. पहिल्या सत्रात मुलीला मुलगी, मुलाला मुलगा. पालकांची लेखी संमती दोन्हीकडून.

६. सोबती गैरहजर असेल तर राखीव सोबती बसेल. जोडीदाराला रिकामं परत पाठवायचं नाही.

तास कसा चालेल

मंगळवारी आणि गुरुवारी, परिपाठानंतर ३५ मिनिटं, सभागृहात. शाळा सुटल्यावर थांबवता येत नाही, कारण पाचनंतरची एसटी चुकली की वस्तीवरच्या मुलांना चालत जावं लागतं. दारं उघडी, दोन शिक्षक कायम हजर.

पहिली पाच मिनिटं मागच्या वेळचं एक उदाहरण. मग वीस मिनिटं त्या दिवसाच्या पत्रिकेवर काम. पत्रिका मी देईन, सोबत्याने मनाने धडा निवडायचा नाही. पुढची पाच मिनिटं उलटी : जोडीदार सोबत्याला एक उदाहरण समजावून सांगेल. शेवटची पाच जोडीवहीसाठी. त्यात तीनच ओळी : आज काय केलं, कुठे अडलं, पुढच्या वेळी काय.

पहिलं सत्र जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. ज्यांना ऊसतोडीला जायचं आहे त्यांना यातच जागा मिळायला हवी, म्हणून १६ जागांत त्यांचा क्रम आधी. दुसरं सत्र दिवाळीनंतर जानेवारीअखेरपर्यंत, नव्या जोड्यांसह. परतलेल्या मुलांसाठी मार्चअखेर तीन आठवड्यांचं छोटं सत्र.

मूल्यमापन

जूनअखेरच्या चाचणीवरून निवड होईल, पण तिचे गुण तुलनेसाठी वापरायचे नाहीत. एखाद्या दिवशी बरं नसलेलं मूलही कमी गुणांमुळे निवडलं जातं आणि पुढच्या वेळी काही न करताही त्याचे गुण वाढतात. म्हणून निवड झाल्यावर, सत्र सुरू होण्यापूर्वी, दुसरी चाचणी घ्यायची आणि तीच सुरुवात धरायची.

तीनही चाचण्या २० प्रश्नांच्या, एकाच काठिण्याच्या, आकडे बदललेल्या. १५ प्रश्न भागाकार, अपूर्णांक, दशांश आणि पूर्णांक संख्यांवर, म्हणजे जोड्यांत सराव होणाऱ्या भागावर. उरलेले ५ भूमितीचे, ज्यांचा सोबतीच्या तासात सरावच नाही. सप्टेंबरअखेर १५ मधले गुण वाढले आणि ५ मधले जवळपास तेवढेच राहिले, तर वाढीचं श्रेय योजनेला देता येईल. दोन्ही सारखेच वाढले तर मुलं एकंदर वर्गातच शिकली असं धरायचं आणि सभेत तसं सांगायचं. सोबतीही याच चाचण्या देतील. त्यांचे गुण घसरले तर दुसऱ्या सत्रात त्यांचा भार कमी करायचा.

दर आठवड्याला दोन शिक्षक चार जोड्यांशेजारी दहा-दहा मिनिटं बसून तीन गोष्टी टिपतील : पेन कोणाच्या हातात आहे, प्रश्नानंतर सोबती थांबतो का, जास्त कोण बोलतं. ही नोंद सोबत्याला शनिवारी दाखवायची, गुणपत्रकात कुठेही जोडायची नाही. जोडीदारांना सत्राच्या शेवटी निनावी चिठ्ठीवर दोन प्रश्न : तासाला यावंसं वाटतं का? पुढच्या वर्षी सोबती व्हायला आवडेल का?

दोन सत्रांनंतरही सराव झालेल्या भागात जोडीदारांचे सरासरी ३ गुण वाढले नाहीत, तर योजना आहे तशी पुढे रेटायची नाही. मी फेब्रुवारीच्या सभेत सगळे आकडे ठेवीन.

सभेकडून हवी असलेली मान्यता

मंगळवार-गुरुवारच्या वेळापत्रकात बदल; देखरेखीसाठी माझ्याबरोबर आणखी तीन शिक्षकांची आळीपाळीने नेमणूक; ३६ जोडीवह्या आणि पत्रिकांच्या झेरॉक्ससाठी २,४०० रुपये; आणि पालकांची सभा जुलैच्या पहिल्या आठवड्यात, बाजाराचा दिवस सोडून, संध्याकाळी, म्हणजे कामावरून आल्यावर आयांनाही येता येईल.