कार्यालयीन वेळेनंतर व्हॉट्सॲप गटांचा वापर आणि गट म्यूट करण्याबाबत सूचना

दिनांक : १० जून २०२६
प्रति : वाशी कार्यालय आणि न्हावा शेवा येथील फील्ड विभागातील सर्व कर्मचारी

मागील महिन्यात एका शनिवारी रात्री फॉर्म १३ वरील सील क्रमांक जुळत नसल्याने आपला एक ट्रेलर बंदराच्या गेटबाहेर अडला. फील्डवरील सहकाऱ्याने रात्री १०.५० वाजता सीलचा फोटो काढून तो ‘एक्स्पोर्ट ऑपरेशन्स’ गटावर टाकला. मात्र त्या संध्याकाळी गटावर एका सहकाऱ्याला वाढदिवसाच्या चाळीसहून अधिक शुभेच्छा येऊन गेल्या होत्या आणि ज्यांनी दुरुस्ती करायची त्यांनी त्या गडबडीला कंटाळून गट म्यूट केला होता. फोटो रविवारी सकाळी पाहिला गेला. तोपर्यंत कट-ऑफ उलटून कंटेनर पुढच्या जहाजावर गेला होता आणि चालकाने रात्र गाडीतच काढली होती. गट म्यूट करणाऱ्याची यात चूक नव्हती. त्या रात्री कोणीही कोणाला फोन केला नाही, ही खरी उणीव होती आणि ती आपल्या सर्वांच्या सवयीची आहे.

यास्तव सोमवार, १५ जून २०२६ पासून रात्री ८ ते सकाळी ८ या वेळेत, तसेच रविवारी आणि सुटीच्या दिवशी, कामाच्या कोणत्याही गटावर उत्तराची अपेक्षा ठेवून संदेश पाठवू नये. या वेळेत गट म्यूट ठेवण्याचा प्रत्येकाला पूर्ण अधिकार आहे. त्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागणार नाही आणि वार्षिक मूल्यमापनात ही बाब कोणाच्याही विरुद्ध धरली जाणार नाही. ‘निळी टिक दिसली, तरी उत्तर का दिले नाही?’ अशी विचारणा विभागप्रमुखांनीही करू नये. मी स्वतः यापूर्वी रात्री अकरा वाजता गटावर कामे लिहिली आहेत. त्यावर ‘उद्या केले तरी चालेल’ असे लिहूनही काही जणांनी ती त्याच रात्री पूर्ण केली, कारण वरिष्ठांच्या संदेशाखालील अशी ओळ सहसा कोणी खरी मानत नाही. म्हणून रात्री सुचलेले काम आपल्या वहीत टिपून ठेवावे किंवा ईमेल लिहून Schedule send या पर्यायाने सकाळी साडेनऊची वेळ लावावी.

तातडीचे काम असेल तर फोन करावा. जहाजाच्या कट-ऑफपूर्वी अडलेला कंटेनर, अपघात, सहकाऱ्याची प्रकृती किंवा त्याच रात्री निर्णय न झाल्यास नुकसान होईल अशी बाब तातडीची समजावी. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीची फाइल किंवा ग्राहकाने सहज विचारलेली चौकशी यात मोडत नाही. प्रथम त्या दिवशीच्या ड्युटी अधिकाऱ्याला साधा मोबाइल कॉल करावा आणि त्यानंतर कागदपत्राचा फोटो त्यांच्या वैयक्तिक क्रमांकावर पाठवावा. केवळ गटावर टाकलेली माहिती संबंधितांना कळवली असे यापुढे धरले जाणार नाही. ड्युटीचे वेळापत्रक दर शुक्रवारी लावले जाते आणि रात्रीच्या ड्युटीची बदली रजा नेहमीप्रमाणे मिळेल.

गट म्यूट करताना `8 hours`, `1 week` आणि `Always` असे तीन पर्याय दिसतात. रोजच्यासाठी पहिला पर्याय सोयीचा आहे, मात्र रात्री आठला लावल्यास तो पहाटे चारला संपतो, म्हणून झोपण्यापूर्वी लावणे बरे. `Always` निवडल्यास कामाच्या वेळेत गट उघडून पाहण्याची जबाबदारी आपली राहील. गट म्यूट केल्याचे इतरांना कळत नाही आणि त्यामुळे मोबाइल कॉलही थांबत नाही. फोन Do Not Disturb वर ठेवणाऱ्या ड्युटी अधिकाऱ्यांनी मात्र फील्डवरील सहकाऱ्यांचे क्रमांक अपवादात घालून ठेवावेत. म्यूट केलेल्या गटातही @ लावून नाव घेतल्यास सूचना वाजू शकते, त्यामुळे रात्री कोणाचे नाव असे घेऊ नये.

पावसाळा तोंडावर आहे. ट्रान्स-हार्बर किंवा हार्बर मार्गावरील लोकल बंद पडली की पहाटेपासून प्रत्येक गटावर चौकशी सुरू होते. ठाण्याहून, पनवेलहून आणि उरणहून येणाऱ्यांची ही चिंता रास्त आहे, म्हणून ‘कार्यालय सूचना’ हा वेगळा गट उघडला आहे. त्यात केवळ ॲडमिन लिहू शकतील आणि पावसामुळे उशिरा येण्याची सवलत किंवा घरून काम करण्याचा निर्णय सकाळी ६.३० पर्यंत तेथे कळवला जाईल. हा एक गट कृपया म्यूट करू नये. शुभेच्छा, सुविचार आणि फॉरवर्ड यांसाठी ‘आपली मंडळी’ हा गट आहे. त्यात राहणे ऐच्छिक आहे आणि तो सोडल्यास कोणी वाईट वाटून घेऊ नये.

ज्यांच्या घरी लहान मूल, आजारी व्यक्ती किंवा अन्य अडचण असल्यामुळे रात्रीच्या ड्युटीचा फोन घेणे शक्य नाही, त्यांनी शुक्रवार, १२ जूनपर्यंत मला समक्ष भेटून सांगावे, म्हणजे पहिल्या वेळापत्रकातच तसा बदल करता येईल.

व्यवस्थापक, प्रशासन व मनुष्यबळ विभाग
वाशी, नवी मुंबई