नोकरी निवड शीट: चार ओपनिंग, पाच निकष (ताई, तूही बघ)

ताई, ही शीट मी रविवारी बनवायला घेतली, कारण शनिवारी रात्रीपर्यंत मी मनातल्या मनात "अ" ला हो म्हणून मोकळा झालो होतो, आणि का विचारलं तर पगार सोडून दुसरं कारणच सांगता येईना.

आधी गाळणी. रात्रपाळी फिरती असेल तर ती जागा शीटमध्ये येणारच नाही, मार्क द्यायचेच नाहीत. "इ" अशीच बाद झाली. तिला शीटमध्ये घेतलं असतं तर पगाराचे मार्क रात्रपाळीचे वजा मार्क भरून काढतात आणि ती वर येऊन बसते, आणि मला माहितीये की तीन महिन्यांत माझी झोप आणि तब्येत दोन्ही गेली असती. जे अजिबात चालणार नाही त्याला वजन द्यायचं नसतं, ते बाहेरच ठेवायचं.

वजनं मी मार्क भरायच्या आधी लिहिली आणि तुला पाठवून ठेवली ती त्यासाठीच, नाहीतर नंतर मीच हळूच वाकवली असती. बेरीज १००. मार्क १ ते ५.

| निकष | वजन | अ | ब | क | ड |
|---|---|---|---|---|---|
| शिकायला काय मिळेल | ३० | २ | ४ | ५ | ३ |
| हातात येणारा पगार | २५ | ५ | ३ | २ | ४ |
| थेट वरचा साहेब | २० | ३ | ४ | ४ | २ |
| जायला यायला लागणारा वेळ | १५ | २ | ४ | ३ | ५ |
| कंपनी किती टिकेल | १० | ४ | ३ | २ | ५ |
| एकूण | १०० | ३.१५ | ३.६५ | ३.४५ | ३.५५ |

शीटमध्ये निकष ए कॉलममध्ये, वजन बी मध्ये, सी पासून एफ पर्यंत चार जागा. सातव्या ओळीत सी ला हे टाकून उजवीकडे ओढलंय:

```
=SUMPRODUCT($B$2:$B$6,C2:C6)/SUM($B$2:$B$6)
```

मार्क कशाला किती ते आधीच ठरवलं, म्हणजे मूड बदलला की मार्क बदलायला नकोत. पगार: आत्ताएवढाच तर १, १०% जास्त २, २०% ला ३, ३०% ला ४, ४०% आणि वर ५. वेळ: एका बाजूने १५ मिनिटं ५, अर्धा तास ४, पाऊण तास ३, तास २, त्याहून जास्त १. शिकणं मात्र आकड्यात बसत नाही, तिथे मी एकच प्रश्न ठेवला, पहिल्या सहा महिन्यांत असं काय करेन जे आज येत नाही. "अ" मध्ये आत्ताचंच काम जास्त पगारात, म्हणून २.

दोन ओळी मी काढून टाकल्या. "बोनस" वेगळा ठेवला होता, पण तो पगारातच मोजलाय, एकच गोष्ट दोनदा मोजली गेली असती आणि "अ" फुकट वर गेली असती. आणि "कंपनीचं नाव मोठं" ही ओळ, खरं सांगतो, ती माझ्यासाठी नव्हतीच, लोकांना सांगायला होती.

आता मला खरी महत्त्वाची वाटते ती गोष्ट. ब आणि ड मध्ये फक्त ०.१० चा फरक आहे, याला मी जिंकणं म्हणत नाही. म्हणून वजन हलवून पाहिलं, पगार ३०, शिकणं २५, बाकी तसंच. ब ३.६० आणि ड पण ३.६०! अ आणि क दोघंही ३.३० वर, म्हणजे अ तरीही मागेच, पगाराला आणखी वजन देऊनसुद्धा. मन अजून तिकडे ओढतंय हे खरंय, पण ती ओढ पगाराचीच आहे आणि तो पगार आधीच मोजून झालाय.

मग बसून पाहिलं की ब आणि ड चं गणित नेमकं कुठे अडकलंय. साहेबाच्या ओळीत. ब ला ४ दिले ते एका ४० मिनिटांच्या मुलाखतीवरून, माणूस नीट ऐकून घेत होता म्हणून. ड ला २ दिले कारण आधीचा माणूस का गेला विचारलं तर उत्तर टाळलं. दोन्ही मार्क कच्च्या माहितीवर आहेत आणि ही ओळ २० वजनाची, ड चा २ चा ३ झाला तरी ड ३.७५ वर जाऊन पुढे निघते. तो सेल मी पिवळा करून ठेवलाय.

दोन्हीकडे विनंती केलीये की टीममधल्या एखाद्याशी बोलू द्या. ब चा फोन बुधवारी संध्याकाळी, ड चा गुरुवारी ११ वाजता. दोघांना तेच तीन प्रश्न: चूक झाली की साहेब काय करतात, शेवटची सुट्टी मागितली तेव्हा काय झालं, आणि वर्षभरात किती जण सोडून गेले. फोन संपला की लगेच फक्त तो एकच मार्क बदलणार, वजनाला हात नाही. तुझ्याकडे रविवारची कॉपी आहेच, गुरुवारी रात्री दोन्ही शेजारी ठेवून बघ आणि वजनात काही हललेलं दिसलं तर मला फोन कर.