कर्जाचा हप्ता आणि घटती शिल्लक : सरावपत्रिका

सांगलीच्या मार्केट यार्डातला एक हळद अडत्या जुना तीनचाकी टेम्पो घेतोय. किंमत १,५०,००० रुपये. ३०,००० रोख, बाकी १,२०,००० कर्ज. व्याज द.सा.द.शे. १२, घटत्या शिलकीवर. मुदत १२ महिने.

सूत्र

```
EMI = P × r × (1+r)^n ÷ ((1+r)^n − 1)
```

P म्हणजे मुद्दल, n म्हणजे हप्त्यांची संख्या, r म्हणजे *महिन्याचा* दर. घोळ होतो तो इथेच. वर्षाचे १२ टक्के म्हणजे महिन्याला १ टक्का, म्हणून r = ०.०१. इथे १२ किंवा ०.१२ घातलं की पुढचं सगळं गणित गेलं.

(१.०१)^१२ = १.१२६८२५. हा आकडा दोन दशांशांवर तोडू नका, १.१३ धरलात तर हप्ता दोनशेहून जास्त रुपयांनी चुकतो. हप्ता येतो १०,६६१.८५ रुपये.

पहिले तीन महिने हाताने

| महिना | व्याज | मुद्दल | शिल्लक |
|---|---|---|---|
| १ | १,२००.०० | ९,४६१.८५ | १,१०,५३८.१५ |
| २ | १,१०५.३८ | ९,५५६.४७ | १,००,९८१.६८ |
| ३ | १,००९.८२ | ९,६५२.०३ | ९१,३२९.६५ |

हप्ता तोच, पण दर महिन्याला व्याज उतरतं आणि तेवढंच मुद्दल जास्त फिटतं.

स्प्रेडशीटवर पडताळा

B1 मध्ये 120000, B2 मध्ये 12%, B3 मध्ये 12 लिहा. B4 मध्ये हप्ता काढा. सातव्या ओळीपासून तक्ता: B आरंभीची शिल्लक, C व्याज, D मुद्दल, E अखेरची शिल्लक.

```
B4: =PMT(B2/12,B3,-B1)
B7: =B1
C7: =B7*$B$2/12
D7: =$B$4-C7
E7: =B7-D7
B8: =E7
```

C7 ते E7 एक ओळ खाली ओढा, मग आठवी ओळ अठराव्यापर्यंत. डॉलरचं चिन्ह विसरलात तर व्याज भलत्याच खान्यातून येईल. `=SUM(D7:D18)` बरोबर 120000 आणि E18 शून्य आलं की तक्ता जुळला. एकूण व्याज ७,९४२.२६.

तिसऱ्या महिन्याची शिल्लक मात्र स्क्रीनवर 91,329.63 दिसेल, आपल्या वहीत .६५ आहे. दोन्ही बरोबर. आपण दर ओळीला पैशावर पूर्णांक केला, स्प्रेडशीटने आतले दशांश तसेच ठेवले.

सोडवा

१. दुसरा सावकार म्हणतो, "माझाही दर बाराच, पण सरळ." म्हणजे वर्षाचं व्याज १४,४००, हप्ता ११,२००. `=RATE(12,-11200,120000)*12` टाकून खरा दर पाहा. सुमारे २१.४६ टक्के यायला हवा. नाही आला तर 11200 पुढचं उणे चिन्ह तपासा.

२. मूळ कर्जात तिसऱ्या हप्त्यानंतर हळदीचे पैसे आले आणि अडत्याने २०,००० जादा भरले. हप्ता तोच ठेवला तर आणखी किती हप्ते लागतील? तक्त्यात B10 बदलून पाहा. सात यायला हवेत. शेवटचा हप्ता पूर्ण का नाही, ते दोन ओळींत लिहा.