पाच कमानी

(‘स्कायरिम’ या गेमच्या जगातली ही गोष्ट. हेल्गेनहून जीव वाचवून आपण रिव्हरवुडमध्ये शिरतो, तेव्हा ओसरीवरून ‘ड्रॅगन, ड्रॅगन’ ओरडणारी एक म्हातारी दिसते. तिचा मुलगा तिला गप्प करतो आणि आपण पुढे निघून जातो. तिचं नाव हिल्डे.)

लास्ट सीड महिन्याची १७ तारीख होती. चौथ्या युगाचं २०१वं वर्ष. त्या दिवसापर्यंत गाव मला म्हातारी म्हणायचं. त्या दिवसापासून येडी म्हणायला लागलं, म्हणून तारीख पक्की लक्षात आहे.

सकाळचं आवरून मी ओसरीवरच्या खुर्चीत टेकले होते. गुडघे गेल्यापासून माझं सगळं जग त्या खुर्चीपासून दिसतं तेवढंच. पण ऐकू येतं खूप. आल्व्होर लोहाराचा हातोडा, होडच्या लाकूडगिरणीची करवत, आल्व्होरची डोर्थे आणि गेर्डुरचा फ्रोडनार, त्यांच्या मागे धावणारा स्टम्प कुत्रा. कोणाचा आवाज कधी येतो हे मला इतकं पाठ आहे की सूर्याकडे न बघता मी वेळ सांगते.

त्या दिवशी आधी कोंबडी गप्प झाली. अंगणात दाणे टिपत होती, ती पायरीखाली जाऊन पोटावर बसली आणि मान आत ओढून घेतली. वर घार असली की कोंबडी ओरडते. ही ओरडली नाही. मी वाकून तिच्याकडे बघत होते तेवढ्यात अंगणावरून सावली गेली. ती संपता संपेना.

मी वर पाहिलं.

नदीपलीकडे डोंगरावर ब्लीक फॉल्स बॅरो आहे, जुन्या नॉर्डांचं थडगं. त्याच्या काळ्या दगडी कमानी गावातून दिसतात. लहानपणी आम्हाला तिकडे बोट दाखवायचीही बंदी होती. त्या कमानींवरून तो गेला. आधी पहिली कमान दिसेनाशी झाली, मग दुसरी, तिसरी. पाचही झाकल्या गेल्या आणि शेपटी अजून यायचीच होती. पंख त्याने एकदाच हलवले. आवाज उशिराने आला, ओली गोधडी झटकावी तसा. रंग काळा. कोळशाचा काळा नाही, कोळशाला निदान चमक असते. थंडीतल्या अमावास्येला दार उघडलं की समोर जे दिसतं, तसा काळा.

मी ओरडले. गुडघे विसरून उभी राहिले आणि ओरडले.

स्वेन घराच्या कडेला होता. तो आला, आभाळ बघितलं, रस्ता बघितला. आभाळ रिकामं होतं आणि रस्त्यावर माणसं होती. त्याने माणसांकडे जास्त वेळ पाहिलं.

“आई, आता ड्रॅगन का? परवा काय होतं, भूत?”

“बॅरोवरून गेला. डोंगराएवढा होता.”

“हळू बोल. लोक ऐकतायत. मला या गावात राहायचंय, रात्री सरायीत गायचंय. तुझ्या गोष्टींवर सगळे हसले की मग माझ्यावर हसतात.”

“हसू देत. मारून टाकेल तो सगळ्यांना, मग ठेवशील विश्वास.”

हे मी बोलायला नको होतं. पोराला खोटं पाडायला अख्ख्या गावाचं मरण मागितलं मी. कायनेदेवीने ते ऐकलं नाही, तिचे उपकार.

थोड्या वेळाने दक्षिणेकडच्या रस्त्याने दोघं आली. पुढे आल्व्होरचा पुतण्या हाडव्हार, साम्राज्याच्या शिपायाच्या वेषात. मागे एक परकी पोरगी. हाडव्हारने काकाला हाक मारली, हळू आवाजात काहीतरी सांगितलं, आणि आल्व्होरने भर दिवसा भट्टी सोडली. तिघं घरात गेली, दार लागलं. पोरगी माझ्या समोरून गेली तेव्हा वास आला. चुलीच्या धुराचा नव्हे, केस जळल्याचा.

बऱ्याच वेळाने ती एकटी बाहेर आली. आल्व्होरच्या बायकोने, सिग्रिडने तिला जेवू घातलं असणार, पण भूक भागली नव्हती. ती प्रत्येक पिंपात डोकावत, प्रत्येक टोपलीत हात घालत आमच्या ओसरीपर्यंत आली आणि माझ्या पिंपातला कोबी काढून उभ्याउभ्याच खायला लागली. मग मी दिसले तशी दचकली.

“खा,” म्हटलं मी. “मीठ हवंय का?”

तिच्या दोन्ही मनगटांवर दोरीचे वळ होते. कातडी सोलून गुलाबी झाली होती. तिने माझी नजर पाहिली पण हात लपवले नाहीत.

“आजी, तुम्ही काहीतरी पाहिलंत म्हणे.”

“कोण म्हणालं?”

“आत सिग्रिडताई सांगत होत्या.” हसतच सांगत असणार. पण या पोरीच्या तोंडावर हसू नव्हतं. “काळा होता का?”

“काळा.”

“डोळे?”

“डोळे दिसले नाहीत. लांब होता. पाच कमानी झाकल्या त्याने.”

ती पायरीवर बसली. हेल्गेनमध्ये तिची मान कुऱ्हाडीखाली होती, म्हणाली. कुऱ्हाड वर गेली आणि तो बुरुजावर उतरला. पुढचं तिला सलग सांगता येईना. आभाळातून दगड पडत होते, छपरं पेटली होती, माणसं जागच्या जागी जळत होती. अख्खं हेल्गेन गेलं. हे सगळं सांगताना ती कोबीची पानं एकेक करून सोलत होती, खात मात्र नव्हती.

मी रडले. हेल्गेनसाठी रडले म्हणावं तर ते खोटं होईल. हेल्गेनसाठी रात्री रडले. तेव्हा रडले ते कोणीतरी मला रंग विचारला म्हणून.

तिनेच स्वेनला हाक मारून सांगितलं की तुमची आई खरं बोलतेय. स्वेनने ऐकलं, मान हलवली, आणि तिचा दंड धरून तिला कुंपणाकडे नेलं. मला वाटलं, नीट चौकशी करेल. त्याने खिशातून चिठ्ठी काढून तिच्या हातात ठेवली.

कामिलाचं प्रकरण गावाला माहीत आहे. दुकानवाल्या लुकानची बहीण. स्वेनचाही जीव तिच्यावर, गिरणीवरच्या फेंडाल एल्फचाही. पोरगी चिठ्ठी घेऊन पुलाकडे निघाली, थांबली, वाचली आणि परत माझ्याकडे आली.

“आजी, ही फेंडालची म्हणून कामिलाला द्यायला सांगितलीय. आत तिच्याबद्दल वाईटसाईट लिहिलंय. हे अक्षर कोणाचं?”

मी कागद डोळ्यांजवळ नेला. प्रत्येक ओळीच्या शेवटच्या अक्षराची शेपटी वर वळवलेली, ल्यूटच्या मानेसारखी. सहा वर्षांचा असताना याच पायरीवर मी कोळशाने त्याला अक्षरं गिरवायला शिकवली. शेपटी वळवू नको म्हणून किती वेळा सांगितलं. दरवेळी म्हणायचा, आई, अशी छान दिसते.

माझं लेकरू आहे. म्हातारपणी पाणी देणारा तोच. मला नाही वाचता येत, डोळे गेलेत, एवढं म्हटलं असतं तर ती पोरगी खुशाल निघून गेली असती. पण तासाभरापूर्वी याच ओसरीवर, याच पोरीपुढे मी माझ्या खरेपणासाठी रडले होते. आता तिला काय सांगणार, की माझं खरं तेवढं खरं धर?

“स्वेनचं,” मी म्हटलं.

तिने कामिलाला चिठ्ठी दाखवली आणि कोणाची तेही सांगितलं. मग व्हाइटरन शहराच्या वाटेला लागली, तिथल्या सरदाराकडे, यार्ल बाल्ग्रूफकडे, आल्व्होरचा निरोप घेऊन.

त्या रात्री सरायीतून गाणं आलं नाही. स्वेन लवकर घरी आला, ताटासमोर बसला, जेवला नाही.

“तू माझी आई आहेस ना?”

“आहे.”

“मग?”

मी उत्तर दिलं नाही. त्याला सांगण्यासारखं माझ्याकडे खूप होतं, पण भुकेल्या पोराला बोधामृत पाजायचा माझा स्वभाव नाही. ताट झाकून ठेवलं. सकाळी ते रिकामं होतं. बोलणं मात्र बंद. पाणी भरून ठेवायचा, लाकडं फोडून द्यायचा, माझ्याकडे न बघता.

मग व्हाइटरनचे शिपाई आले, पिवळ्या वस्त्रांचे, ढालीवर घोडा असलेले. यार्लने ड्रॅगनच्या भीतीने पाठवले. गावातली बाया-माणसं माझ्या ओसरीसमोरून जाताना नजर चुकवायला लागली. सिग्रिडने अंडी आणून दिली, काही न बोलता. मी घेतली.

ती पोरगीही मधे येऊन गेली. लुकानच्या दुकानातून चोरीला गेलेला सोन्याचा पंजा तिने बॅरोतून परत आणला. त्या मेलेल्यांच्या घरात ती एकटी जाऊन आली, विचार करूनच माझ्या पोटात खड्डा पडतो. लुकानने पंजा हातात घेतला आणि म्हणाला, मला हा मोठा वाटत होता. हे ऐकून मी रात्रभर जागी राहिले. आठवणीत वस्तू वाढतात हे मलाही कळतं. डोळे मिटून पुन्हा पुन्हा मोजल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. सहावी कमान मी एकदाही जोडली नाही.

पुढे बातमी आली की व्हाइटरनच्या पश्चिमेच्या टेहळणी बुरुजावर एक ड्रॅगन मेला. तो माझा नव्हे, दुसराच. मारणाऱ्यांत तीच होती. आणि त्याच सुमारास आभाळ निरभ्र असताना गडगडाट झाला, जगाचा गळा म्हणतात त्या डोंगरावरून, जिथे ग्रेबिअर्ड्स हे साधू राहतात. खुर्चीचे पाय थरथरले. ओसरीखालून कोंबडी बाहेर आली आणि यावेळी घसा फोडून ओरडली. लोक म्हणतात, त्या आवाजात एक नाव होतं. डोव्हाकीन, म्हणजे ड्रॅगनच्या रक्ताची. मला नाव नाही कळलं. मला त्या पोरीची मनगटं आठवली.

काल संध्याकाळी स्वेन गिरणीवरून आला तो थेट सरायीत गेला नाही. ल्यूट घेऊन पायरीवर बसला, ती बसली होती तिथेच. तार पिळली, सैल केली, पुन्हा पिळली. केसांत भुसा तसाच होता. माझा हात पोचत होता, पण मी झटकला नाही.

“सरायीत सगळे ड्रॅगनचं गाणं मागतायत,” तो म्हणाला. “मी पाहिलेला नाही.”

“हो.”

“गावात कोणीच नाही पाहिला. तुझ्याशिवाय.”

नदीचा आवाज येत होता. आल्व्होरने हातोडा खाली ठेवला होता, म्हणजे दिवेलागण झाली होती.

“आई,” माझ्याकडे न बघताच त्याने विचारलं, “पंखांचा आवाज कसा होता?”

“आत जा,” मी म्हटलं. “पलंगावरची गोधडी घे, पाण्यात बुडव आणि इथे घेऊन ये.”

तो उठला.