जुनी हस्तलिखिते वाचून उतरवून काढण्याच्या उपक्रमासाठी सभासदांना आवाहन

शनिवार पेठ, पुणे
दिनांक : 17 जानेवारी 2026

सर्व सभासद व रहिवाशांस सप्रेम नमस्कार.

आपली इमारत ज्या वाड्याच्या जागेवर उभी आहे, त्या वाड्यातील बरीच बिऱ्हाडे आजही याच सोसायटीत राहतात आणि त्यांच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत किंवा देवघराच्या फडताळात त्या काळातील वह्या व कागद जपून ठेवलेले आहेत. त्यांपैकी पुष्कळ कागद आता घरातील कोणालाच वाचता येत नाहीत. म्हणून व्यवस्थापक समितीच्या 11 जानेवारीच्या सभेत असे ठरले की, ज्या घरी असे हस्तलिखित असेल त्या घराने ते काही दिवसांसाठी सोसायटीकडे द्यावे, आपण सर्वांनी मिळून ते वाचावे, अक्षरशः उतरवून काढावे आणि टंकलिखित प्रत मूळ कागदासह त्या घराला परत करावी.

ऐतिहासिक महत्त्वाचाच कागद हवा, असे मुळीच नाही. रोजमेळ, खतावण्या, वाड्याच्या भाडेपावत्या, खुशालीची पत्रे, जन्मटिपणे, अहेराच्या याद्या, ओव्यांच्या व पाककृतींच्या वह्या, यांपैकी काहीही चालेल. बी विंगमधील एका सभासदांनी आपल्या आजेसासूबाईंची दिवाळीच्या फराळाची वही कार्यालयात दाखवायला आणली होती. पानाच्या माथ्यावर ‘श्री’, खाली अनारशांसाठी तांदूळ व गूळ शेर-पावशेरांत, खर्च आणे-पैंत, आणि समासात निराळ्या शाईने एवढेच लिहिलेले : ‘या खेपेस पीठ सैल झाले, गूळ कमी घेणे.’ घरच्या सुनांनी ती वही कित्येक वर्षे हाताळली, पण समासातील अक्षर बारीक असल्याने ते वाक्य आजवर कोणी वाचलेच नव्हते.

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले आणि आपल्या वाड्यातील तळमजल्याच्या बिऱ्हाडांचे कागद त्यात गेले. त्यामुळे जे माडीवर होते म्हणून वाचले, त्यांचे मोल अधिक आहे. त्या पाण्याचे डाग पडलेले किंवा पाने चिकटलेले कागदही अवश्य आणावेत, मात्र घरी पाने सोडवण्याचा प्रयत्न करू नये, उन्हात वाळत घालू नयेत आणि फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नये. चिकटपट्टीचा डिंक कालांतराने पिवळा पडतो व अक्षरासकट कागद खातो.

काही कागद मोडीत असणार. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून तिच्याखाली हात शक्यतो न उचलता लिहीत, शब्द तोडत नसत आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नसत. त्यामुळे अक्षरओळख झाली तरी ओळ लागायला घरातील नावे, गावे व नाती ठाऊक असलेले माणूस शेजारी असावे लागते. आपल्या सोसायटीत मोडी सराईतपणे वाचणारे दोनच ज्येष्ठ सभासद आहेत, दोघांनीही ऐंशी ओलांडली आहे, आणि दोघांनी आपण होऊन वेळ देऊ केला आहे. हा उपक्रम पुढच्या वर्षावर ढकलू नये, असा समितीचा आग्रह आहे तो याचसाठी.

कागद रविवार, 1 फेब्रुवारी आणि रविवार, 8 फेब्रुवारी रोजी सकाळी 10 ते दुपारी 1 या वेळेत ए विंगच्या तळमजल्यावरील कार्यालयात स्वीकारले जातील. देणाऱ्यासमोरच पाने मोजून तशी पोच दिली जाईल. मूळ कागद कार्यालयाच्या कपाटात कुलपात राहतील, वाचनासाठी फक्त त्यांची छायाचित्रे वापरली जातील आणि 31 मार्चपर्यंत प्रत्येक कागद ज्याचा त्याला पोचेल. ज्यांना वही हातची सोडवत नसेल, त्यांनी निरोप द्यावा, आम्ही घरी येऊन त्यांच्यासमक्ष छायाचित्रे घेऊ. देणेघेणे, दत्तक, वाटण्या असे घरगुती विषय कागदात निघण्याचा संभव आहे, तेव्हा कोणता मजकूर इतरांना दाखवायचा आणि कोणता केवळ घराकडे ठेवायचा, हे देणारे कुटुंबच लेखी कळवील व ते अखेरचे मानले जाईल.

उतरवून काढण्याचे काम 14 फेब्रुवारीपासून दर शनिवारी सायंकाळी 5 ते 7 कार्यालयात चालेल. मूळ लेखन आहे तसेच ठेवायचे, शुद्धलेखन सुधारायचे नाही, न लागलेल्या शब्दाच्या जागी कंसात प्रश्नचिन्ह घालायचे आणि प्रत्येक पान दुसऱ्या व्यक्तीने ताडून पाहायचे, एवढे नियम पुरेत. देवनागरी टंकलेखन येणाऱ्या तरुण मुलामुलींची आणि शेर, पायली, आणे यांचा हिशेब तोंडपाठ असणाऱ्या आजीआजोबांची आम्हांला सारखीच गरज आहे. येऊ इच्छिणाऱ्यांनी सूचनाफलकाखालील वहीत आपले नाव व सदनिका क्रमांक लिहावा.

आपला,
मानद सचिव
व्यवस्थापक समितीकरिता