चाळिसावा हिस्सा आणि वरचे पैसे

रमजानचे शेवटचे दहा दिवस लागले की मिरजेतले आमचे शेजारी रफिकचाचा दुकान बंद केल्यावर रोजमेळ घेऊन बसतात. त्यांचं कापडाचं दुकान आहे. मागच्या वर्षी मी समोर बसून सगळा हिशोब पाहिला. कपाटातल्या थानांची आजच्या भावाने किंमत, गल्ल्यातली आणि बँकेतली रोकड, वसूल होईल अशी उधारी, चाचींचे दागिने. त्यातून व्यापाऱ्यांचं देणं वजा. राहतं घर, दुकानातलं फर्निचर, स्कूटर यांतलं काहीच धरायचं नाही. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढी शिल्लक वर्षभर राहिली असेल तर जकात, म्हणजे मुसलमानावर बंधनकारक असलेलं दान, लागू होते, तीही चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के. बेरीज आली ९,३६,८०० आणि जकात २३,४२०. चाचांनी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाले, "एवढे माझे नव्हतेच. वर्षभर माझ्याकडे ठेवलेले होते."

'माझे नव्हतेच' हे शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत. २०१९ च्या महापुरात मी मदतनिधीला पाचशे रुपये दिले तेव्हा मला दिवसभर बरं वाटत होतं. चाचांच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. वीजबिल भरून मोकळा झालेला माणूस दिसतो तसे ते दिसत होते. मग दोघांपैकी अधिक नैतिक कोण, मनापासून आपण होऊन देणारा की देणं लागतो म्हणून देणारा?

आपल्या मनाचा कौल पहिल्याच्या बाजूने पडतो. ज्यात सक्ती आहे त्यात पुण्य कसलं, असं आपण सहज म्हणतो. पौलाने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला हेच लिहिलं होतं: कुरकुरत किंवा भाग पडतं म्हणून देऊ नका, आनंदाने देणारा देवाला प्रिय असतो. गीतेच्या सतराव्या अध्यायातही मनाला क्लेश होत असताना दिलेलं दान राजस ठरतं. पण तैत्तिरीय उपनिषदात गुरू शिकून घरी निघालेल्या शिष्याला सांगतो, 'श्रिया देयम्। ह्रिया देयम्। भिया देयम्।' ऐपतीप्रमाणे दे, लाजेने दे, भीतीने दे. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. मन निर्मळ होईपर्यंत समोरच्याची भूक थांबत नाही, हे त्याला कळलेलं आहे.

ज्यूंच्या तालमुद या धर्मग्रंथात रब्बी हनिना यांचं मत त्याच्याही पुढे जातं: आज्ञा आहे म्हणून करणारा, आज्ञा नसताना करणाऱ्यापेक्षा मोठा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे उलटं वाटलं. नंतरच्या भाष्यकारांनी त्याचं कारण दिलं आहे. ज्याच्यावर आज्ञा आहे त्याला चुकण्याची धास्ती असते. ज्याच्यावर नाही त्याला केव्हाही सोडून देता येतं. पूर ओसरला तसं माझं देणंही ओसरलं. चाचांचं यंदाही आहे आणि पुढच्या वर्षीही असेल.

पण देणाऱ्याच्या मोठेपणाबद्दलच बोलत राहिलो तर खरी गोष्ट निसटते. सक्तीच्या दानाचा मोठा फायदा घेणाऱ्याला होतो. हिब्रूत दानाला 'त्सदाका' म्हणतात आणि त्याचा धातू न्यायाचा आहे. बायबलमधल्या लेवीय ग्रंथात शेतकऱ्याला सांगितलं आहे की शेताचा कोपरा कापू नकोस, पडलेली कणसं वेचू नकोस, ती गरिबांची आणि परक्यांची. बायबलच्याच कथेतली परकी रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला जाते ती याच आधारावर. मिश्ना या ज्यूंच्या नियमसंग्रहात तर हा कोपरा निदान साठावा हिस्सा असावा असं माप आहे. आणि एक नियम असा की शेतमालकाने एका गरिबाला वेचू दिलं आणि दुसऱ्याला अडवलं, तर तो गरिबांना लुटतो. कंजूषपणा केला, दया कमी पडली असं तिथे म्हटलेलं नाही. लुटतो असं म्हटलं आहे. कुराणही संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा 'ठरलेला हक्क' आहे असं सांगतं. हक्काचं घेणाऱ्याला कुणाचे आभार मानायला लागत नाहीत.

इथवर माझा कल सक्तीकडे आहे. पण आपल्याच गावगाड्याकडे पाहिलं की थांबावं लागतं. बलुतं हाही हक्कच होता. शेतकऱ्याच्या खळ्यावर महाराचा वाटा ठरलेला होता. तरी त्या हक्काने माणसाला ताठ उभं केलं नाही, कारण वाटा जातीला बांधलेला होता आणि शिळी भाकर दारात उभं राहून मागावी लागत होती. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे तुकडे घेणं सोडा असं सांगितलं ते उगाच नव्हे. दुसरीकडे शास्त्रांनी 'सत्पात्री दान' म्हणत पात्र ठरवलं ते बहुतेक वेळा ब्राह्मणालाच. गरज किती हे न पाहता जन्म कोणता हे पाहणाऱ्या दानाला मी धर्म म्हणायला तयार नाही. म्हणजे हक्क नुसता ठरलेला असून भागत नाही. तो घेताना मान खाली जाते की नाही, हेही पाहावं लागतं.

बाराव्या शतकात मायमोनिडीझ या ज्यू धर्मपंडिताने दानाच्या आठ पायऱ्या लावल्या त्या याच जाणिवेतून. सर्वांत खाली नाखुशीने देणारा. त्याच्या वर मागितल्यावर देणारा, त्याच्याही वर मागण्याआधी देणारा. आणखी वर गेलं की देणाऱ्याला घेणारा माहीत नाही, घेणाऱ्याला देणारा माहीत नाही. सगळ्यांत वर मात्र भिक्षाच नाही. तिथे कर्ज आहे, भागीदारी आहे, काम मिळवून देणं आहे, म्हणजे पुन्हा मागायची पाळी येऊ नये. त्सदाका सक्तीचीच, पण ही शिडी पाहा, एकेक पायरी वर जाताना ती घेणाऱ्याच्या डोळ्यांना डोळे भिडवायला शिकवते. हे काम टक्केवारीला जमत नाही. पाकिस्तानात १९८० साली सरकारने बँकखात्यांतून परस्पर जकात कापायला सुरुवात केली, तेव्हा रमजान लागायच्या आधी पैसे काढून घेणारे लोक निघालेच. टक्केवारी पाळली गेली, देणारा मात्र त्यात नव्हता.

जकातीला कुंपणंही आहेत. ती आईबापांना, मुलांना देता येत नाही. बहुतेक फकिहांच्या, म्हणजे इस्लामी कायद्याच्या जाणकारांच्या, मते ती बिगरमुस्लिम गरिबाला देता येत नाही. सदका, म्हणजे आपखुशीचं दान, कुणालाही देता येतं. हे कुंपण मला खटकतं आणि मी ते चाचांना बोलून दाखवलं. त्यांनी वाद घातला नाही.

त्या रात्री त्यांनी गल्ल्यातून २५,००० मोजून घेतले. २३,४२० चे तीन भाग करून तीन पाकिटांत घातले. त्यातलं एक मागच्या गल्लीतल्या विधवा बाईंचं. त्यावर त्यांनी 'ईदी' लिहिलं. जकात आहे हे घेणाऱ्याला सांगायलाच हवं असं नाही, मनात नियत असली की पुरते. राहिले १,५८०. दुकानात गठ्ठे वाहणारा शिवा हमाल पाठीच्या दुखण्याने महिनाभर घरी होता. "हे वरचे सदक्याचे," चाचा म्हणाले, "त्याला उद्या पगारात घालून देतो. निराळे दिले तर घ्यायचा नाही तो."